पाटल्या हव्यात की पैसे? मोबाइलवरचे सोने आणि अंगावरचे सोने यांचा हिशेब

आंब्याची शेवटची पेटी वाशीच्या बाजारात गेली आणि दलालाकडून पट्टी आली की रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यातील बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो: हातात आलेल्या पैशाचे सोने करायचे का, आणि करायचे तर सोनाराच्या पेढीवर जायचे की मुंबईचा भाचा सांगतो तसे मोबाइलवर घ्यायचे? दोन्ही बाजूंनी ठासून बोलणारे पुष्कळ भेटतात. या वादाचे उत्तर सोन्यात नसून ते शेवटी कोणत्या रूपात हवे आहे यात आहे, असे माझे मत झाले आहे. पाच-सात वर्षांनी मुलीच्या हातात पाटल्या घालायच्या असतील तर एक हिशेब लागतो, आणि त्याच सोन्याचे रोख पैसे करून घराची कौले बदलायची किंवा होडीचे इंजिन घ्यायचे असेल तर अगदी वेगळा. म्हणून खरेदीआधी वहीत एका ओळीत लिहावे की या सोन्याचा शेवट दागिना आहे की रोकड. पुढचे सगळे या ओळीवर अवलंबून आहे.

शेवट रोकड असेल तर

आकडेमोड सोपी व्हावी म्हणून चोख, म्हणजे 24 कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. प्रत्यक्षात भाव काहीही असला तरी टक्केवारीचे गणित बदलत नाही. आपल्याकडे 1,00,000 रुपये आहेत आणि भाव तसाच स्थिर राहिला, असेही समजू, कारण आपल्याला केवळ घेण्या-विकण्यात किती झिजते ते पाहायचे आहे.

मोबाइलवरचे, म्हणजे डिजिटल सोने घेताना 3 टक्के जीएसटी लागतो. तो वजा जाता सुमारे 97,087 रुपयांचे, म्हणजे 9.709 ग्रॅम चोख सोने आपल्या नावावर जमा होते. आता अ‍ॅपच्या पडद्यावर नीट पाहिले तर दोन भाव दिसतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा, आणि विक्रीचा भाव नेहमीच कमी असतो. हा फरक विक्रेत्याप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो. तो 3 टक्के धरला तर लगेच विकल्यास हातात 94,175 रुपये येतात. म्हणजे लाखामागे 5,800 रुपयांची झीज झाली. भाव निदान 6.2 टक्के वाढल्याशिवाय आपण मुद्दलावरही येत नाही. ‘घडणावळ शून्य’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते तेव्हा ही झीज कुठेच लिहिलेली नसते, ती दोन भावांच्या फटीत असते.

आता त्याच लाखाच्या 22 कॅरेटच्या पाटल्या घ्या. 916, म्हणजे 91.6 टक्के शुद्धतेच्या सोन्याचा भाव 10,000 च्या हिशेबाने 9,160 रुपये होतो. घडणावळ 12 टक्के धरली आणि सोने व घडणावळ यांच्या एकत्रित रकमेवर 3 टक्के जीएसटी लावला, तर लाखात 9.463 ग्रॅमच्या पाटल्या येतात आणि त्यांतील सोन्याची किंमत 86,685 रुपये असते. मोडायला नेल्या की घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत, कराचेही नाहीत, आणि रोख पैसे हवे असतील तर बरेच सराफ भावातून आणखी दोन-तीन टक्के कापतात. 3 टक्के कापले तर हातात 84,084 रुपये राहतात. मुद्दल सुटायला भाव जवळजवळ 19 टक्के वाढायला हवा. नक्षीकामाच्या किंवा हाताने घडवलेल्या दागिन्यावर घडणावळ 12 वर थांबत नाही, 20 च्या वरही जाते, तेव्हा हा आकडा आणखी फुगतो.

तेव्हा शेवट रोकड असेल तर दागिना घेऊ नये, याबद्दल मला शंका नाही. जुन्या बायका बचतीसाठी चोख सोन्याची वेढणी घेत, ती याच कारणाने: साधी तार वळवलेली, घडणावळ नाममात्र, मोडताना घट नाही. वेढणी आजही सराफाकडे मिळते. ज्याला मोबाइल नको आणि दागिनाही नको, त्याने ती जरूर विचारावी.

शेवट दागिना असेल तर

इथे बहुतेक सल्ले फसतात. दागिन्यावर घडणावळ जाते म्हणून आधी डिजिटल सोने जमवा आणि लग्नाच्या वेळी ते विकून दागिना घ्या, असे सर्रास सांगितले जाते. पण लग्नाच्या वेळी घडणावळ द्यावीच लागते. पाटल्या काही अ‍ॅपवर वळल्या जात नाहीत. आणि 3 टक्के कर मात्र दोनदा भरला जातो, एकदा डिजिटल सोने घेताना आणि पुन्हा दागिना घेताना. शिवाय दोन भावांमधली फट मध्ये येतेच.

10 ग्रॅम चोख सोने असलेल्या पाटल्या घ्यायच्या आहेत असे समजा. 22 कॅरेटमध्ये त्यांचे वजन 10.917 ग्रॅम होईल. भाव पुन्हा 10,000 आणि घडणावळ 12 टक्के.

सराफाकडे सरळ गेलो तर 1,00,000 चे सोने, 12,000 घडणावळ आणि त्यावर 3 टक्के कर मिळून 1,15,360 रुपये लागतात.

डिजिटल सोने विकून तेवढीच रक्कम उभी करायची असेल, तर 9,700 च्या विक्री भावाने 11.893 ग्रॅम सोने जमवावे लागते आणि त्यासाठी करासह सुमारे 1,22,500 रुपये गेलेले असतात. म्हणजे त्याच पाटल्या सात हजारांनी महागल्या.

तिसरा रस्ता फार थोडे लोक घेतात. डिजिटल सोने विकायचे नाही, तर त्याचे 10 ग्रॅमचे नाणे घरी मागवायचे आणि ते सराफाला देऊन केवळ मजुरीवर पाटल्या घडवून घ्यायच्या. सोन्यावरचा 3 टक्के कर आपण आधीच भरलेला असल्यामुळे आता कर लागतो तो फक्त मजुरीवर, 5 टक्के दराने. सोन्याचे 1,03,000, नाणे घडवण्याचे व पोचवण्याचे समजा 1,200, मजुरीचे 12,000 आणि तिच्यावरचा कर 600 मिळून 1,16,800 रुपये होतात. सरळ खरेदीपेक्षा जेमतेम दीड हजार जास्त, आणि या किमतीत दर महिन्याला थोडे थोडे सोने त्या त्या दिवशीच्या भावाने धरून ठेवण्याची सोय मिळते.

या रस्त्यावर दोन खड्डे आहेत. पहिला असा की बरेच सराफ मजुरीवर काम घेत नाहीत, नाणे ‘मोड’ म्हणून घेतात आणि नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर 3 टक्के कर लावतात. मग बचत संपली. म्हणून नाणे मागवण्याआधीच विचारावे की माझ्या सोन्याचा दागिना मजुरीवर करून द्याल का, घट किती धराल आणि पावतीवर काय लिहाल. दुसरा खड्डा शुद्धतेचा आहे. ओळखीच्या कारागिराने दागिना घडवला आणि त्याच्याकडे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी नसेल, तर तो त्या दागिन्यावर हॉलमार्क करून देऊ शकत नाही. चोख नाणे देऊन बिनछापाचा दागिना घरी आणायचा, तर सुरुवातीला मिळालेल्या शुद्धतेच्या हमीला अर्थ उरत नाही. काम नोंदणीकृत सराफाकडूनच घ्यावे आणि हॉलमार्क करून मागावा.

वर्षभरात दागिना नक्की घ्यायचा असेल तर डिजिटल सोन्याच्या वाटेला जाऊच नये, सरळ घ्यावा. मुदत चार-पाच वर्षांची आणि पैसे आंब्याच्या किंवा मासळीच्या हंगामाप्रमाणे तुकड्यातुकड्याने येणारे असतील, तर नाण्याचा रस्ता बरा. दर वर्षी दोन-दोन ग्रॅमची कर्णफुले किंवा अंगठी घेऊन ठेवणे हा तिसऱ्या प्रकारचा मोह सर्वांत महाग पडतो, कारण लहान दागिन्यावर ग्रॅममागे घडणावळ जास्त असते आणि पुढे ते मोडून मोठा दागिना करताना ती पुन्हा द्यावी लागते.

सराफाकडील अकरा हप्त्यांची भिशी याच गरजेतून निघाली आहे. पेढी चोख असेल तर घडणावळीवरची सूट खरोखर मिळते. पण दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक हप्त्याचे सोने त्या दिवशीच्या भावाने जमा होते की केवळ रुपये जमा होतात, आणि पेढी बंद पडली तर पैसे कोणाकडून मागायचे. दुसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पेढीवर बसल्यावर

दागिना घ्यायचे ठरले की पहिले काम भाव तपासण्याचे. सराफाला त्या दिवशीचा 24 कॅरेटचा आणि 22 कॅरेटचा असे दोन्ही भाव विचारावेत आणि मोबाइलवरच्या गणकयंत्रात दुसऱ्याला पहिल्याने भागावे. उत्तर 0.916 च्या आसपास यायला हवे. ते 0.93 आले तर 916 च्या सोन्याला 93 टक्क्यांचा भाव लावला आहे, म्हणजे दीड टक्का घडणावळ भावातच लपवली आहे. ‘मजुरीवर अर्धी सूट’ अशी पाटी ज्या दुकानात लागते तिथे हा भागाकार आवर्जून करावा.

दुसरे काम वजनाचे. हॉलमार्क शुद्धता सांगतो, वजन सांगत नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मंगळसूत्रात काळे मणी असतात, ठुशीला गोंडा असतो, नथीत मोती असतात, आणि या सगळ्यांसकट केलेल्या वजनाला सोन्याचा भाव लागला तर शुद्ध सोन्याच्या मंगळसूत्रातही आपण काचेचे मणी सोन्याच्या भावाने घेतो. माझ्या बहिणीच्या मंगळसूत्राच्या पावतीवर 18 ग्रॅम लिहिले होते. सहा वर्षांनी वाटी आणि साखळी वेगळी करून तोलली तेव्हा सोने पंधराच्या आत भरले. पावतीवर एकच वजन होते आणि ते एकूण वजन होते, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. म्हणून पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, भाव, घडणावळ रुपयांत, हॉलमार्कचे शुल्क आणि कर या सगळ्या बाबी वेगवेगळ्या मागाव्यात. घडणावळ आणि घट अशा दोन ओळी असतील तर दोन्हींची बेरीज करूनच टक्केवारी काढावी.

तिसरे काम छापाचे. हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, 22K916 अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून या सहा अक्षर-अंकांच्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना मात्र सक्तीतून सूट आहे, आणि कानातल्या कुड्या, चमकी, लहान अंगठी या नेमक्या त्याच वजनात बसतात. तिथे आपण सराफाच्या शब्दावरच असतो.

पाटलीच्या आतल्या बाजूला ही खूण तांदळाच्या कण्याएवढी असते. सराफाकडे भिंग असतेच, ते मागण्यात संकोच करू नये. क्रमांक वाचून मोबाइलवर BIS Care हे अ‍ॅप उघडावे, Verify HUID वर जाऊन तो भरावा. शून्य आणि ओ हे अक्षर यांची गल्लत होते, म्हणून पहिल्या वेळी काही न सापडल्यास लगेच आरडाओरड करू नये. माहिती आली की नुसते ‘सापडले’ म्हणून थांबू नये, पडद्यावर दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता काय लिहिली आहे ते वाचावे. हातात पाटली आहे आणि पडद्यावर अंगठी दिसते, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. एवढे करूनही शंका राहिली तर कोणत्याही मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकाला दागिना तपासून घेता येतो. शुल्क नगामागे 45 रुपये आणि चारपर्यंत नगांसाठी किमान 200 रुपये असते, कर वेगळा. छापापेक्षा कस कमी निघाला तर नियमाप्रमाणे कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचे शुल्क सराफाने द्यायचे असते. त्यासाठी पावती हवी. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात सोन्याचे काही बिघडले नाही, पण कपाटातल्या पावत्यांचा लगदा झाला. पावतीचा आणि छापाचा फोटो त्याच दिवशी काढून दुसऱ्या गावी राहणाऱ्या घरच्या माणसाकडे पाठवून ठेवावा.

मोबाइलवर घेताना

डिजिटल सोन्याची शुद्धता आपण डोळ्यांनी पाहत नाही. कागदावर ती दागिन्याहून वरचढ असते, कारण 999 किंवा 999.9 शुद्धतेचे सोने आपल्या नावे तिजोरीत ठेवले जाते आणि त्यावर विश्वस्त संस्था लक्ष ठेवते, अशी व्यवस्था असते. पण आपण ज्या अ‍ॅपवर पैसे भरतो ते अ‍ॅप सोन्याचे मालक नसते. फोनपे, पेटीएम किंवा गूगल पे हे दुकानाचे दार झाले. सोने विकणारी कंपनी वेगळी असते, उदाहरणार्थ एमएमटीसी-पॅम्प किंवा सेफगोल्ड, आणि तिचे नाव खरेदीच्या पानावर व पावतीवर वाचून घ्यायला हवे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 8 नोव्हेंबर 2025 रोजी जाहीरपणे बजावले आहे की असे डिजिटल सोने तिच्या नियमनाखाली येत नाही आणि त्यात नुकसान झाले तर सेबीची गुंतवणूकदार संरक्षणाची व्यवस्था लागू होणार नाही. याचा अर्थ ते खोटे आहे असा नाही, पण आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवू नये असा मात्र मी घेतो. मोठी रक्कम रोकडीच्या हेतूने सोन्यात ठेवायची असेल आणि डीमॅट खाते असेल, तर शेअर बाजारात घेता-विकता येणारे, सेबीच्या देखरेखीखालचे गोल्ड ईटीएफ पाहावे.

पहिल्या खरेदीआधी चार गोष्टी त्या कंपनीच्या अटींमध्ये शोधाव्यात: तिजोरीत विनाशुल्क किती वर्षे ठेवणार, घेतल्यावर किती तासांनी विकता येते, किती ग्रॅमपासून नाणे मिळते आणि आपल्या पिन कोडवर ते येते का. शेवटची बाब कोकणात कळीची आहे. शहरात कुरिअर पोचते, पण खाडीपलीकडच्या वाडीचा पिन कोड टाकल्यावर नाणे पाठवता येणार नाही असा संदेश येऊ शकतो. अशा वेळी ठाण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा पत्ता द्यावा आणि गणपतीला येताना त्यांनी ते आणावे, हे व्यवहार्य आहे. मात्र पाकीट घेणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की सील फाटलेले दिसले तर ते स्वीकारायचे नाही, आणि ओटीपी सांगण्याआधीच हे पाहायचे.

आणखी एक स्थानिक अडचण. खरेदीचा भाव पडद्यावर काही मिनिटांपुरताच बांधलेला असतो. ज्या घरात सड्यावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही तिथे पैसे खात्यातून जातात आणि तोवर भावाची मुदत संपते. पैसे परत येतात, पण त्याला वेळ लागतो. तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत, आधी अ‍ॅपमधील व्यवहारांची यादी पाहावी.

अडीअडचणीला

बागेची फवारणी, जाळ्यांची दुरुस्ती, आजारपण, अशा वेळी कोकणातले घर सोने विकत नाही, गहाण ठेवते. इथे दागिना सरळ जिंकतो. बँक, पतसंस्था दागिन्यावर तासाभरात कर्ज देतात. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. किंमत धरताना खडे, मणी, घडणावळ यांना शून्य मोल असते, म्हणून निव्वळ वजनाची पावती इथेही उपयोगी पडते. मोबाइलवरचे सोने घेऊन तालुक्याच्या बँकेत गेलो तर तारण म्हणून ते चालत नाही, विकावेच लागते, आणि नेमका भाव पडलेला असेल तर तोटा सोसून. दर हंगामाला सोनेतारण कर्ज काढणाऱ्या घराने आपले सगळे सोने डिजिटल करू नये. थोड्या साध्या, कमी घडणावळीच्या बांगड्या घरात असाव्यात.

विकताना दागिना एकाच सराफाला दाखवू नये. आधी आपल्यासमोर तोलून घ्यावा, मग यंत्रावर कस पाहावा, आणि वितळवण्याआधी वजन व कस लिहून घ्यावेत. एकदा लगड झाली की तो दागिना परत मिळत नाही आणि सौदा मोडण्याची आपली ताकदही जाते. नफ्यावरचा कर दोन्हींना सारखाच आहे: 24 महिन्यांनंतर विकले तर नफ्याच्या 12.5 टक्के व त्यावरचा उपकर, त्याआधी विकले तर नफा उत्पन्नात मिळवून.

डिजिटल सोन्याच्या बाबतीत एक काम घरी बसून आजच करावे. दागिने कपाटात असतात हे घरात सर्वांना माहीत असते, पण मोबाइलवर किती ग्रॅम आहे हे बहुधा एकाच माणसाला ठाऊक असते, आणि त्याचे कुलूप म्हणजे त्याचा मोबाइल क्रमांक. विक्रेत्या कंपनीचे नाव, जमा ग्रॅम आणि जोडलेला क्रमांक वहीत लिहावा, वारस नोंदवण्याची सोय असेल तर ती भरावी, आणि रिचार्जअभावी ते सिम बंद पडणार नाही हे पाहावे.